केटरर-डेकोरेटरला ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर काय हवं: रद्द करणं, तारीख बदलणं आणि ऐनवेळची अदलाबदल

हॉल पक्का झाला की त्याच आठवड्यात केटरर आणि डेकोरेटरचे फोन सुरू होतात. "काका, त्या तारखेला अजून दोन पार्ट्या विचारताहेत. आज पन्नास टक्के टाका, तारीख तुमच्या नावावर लावून टाकतो." कोटेशन व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. मेन्यू असतो, स्टेजचा देखणा फोटो असतो आणि पैसे भरायला क्यूआर कोडही असतो. पण लग्न पुढे ढकलावं लागलं तर किती पैसे परत मिळणार, ठरलेली वस्तू आली नाही तर तिच्या जागी काय येणार आणि ते कोण ठरवणार, याबद्दल त्यात एक ओळही नसते.

हे सगळं पैसे देण्याआधीच लिहून घ्यायला हवं, कारण नंतर कागद बदलायला समोरच्याला काही कारण उरत नाही. मोठा करार नको, दीड-दोन पानं पुरतात. त्यांत काय असावं ते एका उदाहरणाने पाहू. आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा विलेपार्ल्यातल्या एका घरात मुलीचं लग्न आहे. डिसेंबर महिना, गोरज मुहूर्त, हॉल दुपारी 3 ते रात्री 11. केटररचा दर ताटाला 900 रुपये आणि ताटं 300, म्हणजे 2,70,000 रुपये. डेकोरेटरचं काम 1,60,000 रुपयांचं. बुकिंग जुलैमध्ये करायचं आहे.

आधी हॉलला विचारा, मग नावं तपासा

मुंबईतल्या बऱ्याच हॉलचे स्वतःचे ठरलेले केटरर आणि डेकोरेटर असतात. बाहेरचा माणूस आणायचा तर हॉल रॉयल्टी घेतो, किंवा आणूच देत नाही. म्हणून हॉल मॅनेजरला तीन गोष्टी मेसेजवर विचारा: बाहेरचा केटरर-डेकोरेटर चालतो का, रॉयल्टी किती, आणि सामान किती वाजल्यापासून आत घेता येईल. रॉयल्टी आणि सफाईचे पैसे कोण भरणार ते तुमच्या करारात लिहा. याचा उल्लेख नसला की लग्नाच्या दिवशी हॉलच्या ऑफिसात ते पैसे यजमानांकडेच मागितले जातात.

मग ज्याला पैसे देताय त्याच्याकडे बघा. कोटेशनवर एका फर्मचं नाव असतं, पावतीवर दुसरंच आणि क्यूआर स्कॅन केल्यावर तिसऱ्याच कुणाचं. असं असेल तर पुढे भांडण झाल्यावर पैसे नक्की कुणी घेतले इथूनच सुरुवात करावी लागते. करारावर, पावतीवर आणि खात्यावर एकच नाव हवं. खातं मालकाच्या वैयक्तिक नावावर असेल तर "अमुक फर्मचा मालक म्हणून" असं लिहून त्याची सही घ्या.

केटररच्या अन्न परवान्याचा एफएसएसएआय क्रमांक 14 आकडी असतो आणि तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. foscos.fssai.gov.in वर तो टाकून परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. जीएसटी क्रमांक अक्षरं आणि आकडे मिळून 15 चा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि services.gst.gov.in वर तपासता येतो. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही. नोंदणी असेल तर कोटेशनचा आकडा करासकट आहे की कर वेगळा, ते विचारा. बाहेरच्या केटरिंगवर साधारणपणे 5 टक्के आणि डेकोरेशनवर 18 टक्के कर लागतो. आपल्या उदाहरणात डेकोरेटरचे 1,60,000 कर धरून 1,88,800 होतात. हा फरक शेवटच्या बिलात पहिल्यांदा कळला तर बजेट तिथेच कोलमडतं.

काय मिळणार, हे मोजता येईल असं लिहा

रद्द करण्याच्या आणि बदलाच्या अटी याच यादीवर उभ्या राहतात. मुळात काय ठरलं होतं हेच मोघम असेल तर "बदललं" असं म्हणता येत नाही.

डेकोरेटरच्या कोटेशनमध्ये बहुधा "स्टेज डेकोरेशन फोटोप्रमाणे" एवढंच असतं. फोटो कुठल्या तरी लॉनवरच्या चाळीस फुटी स्टेजचा असतो आणि तुमच्या हॉलचं स्टेज निम्म्याहून लहान असतं. त्यामुळे फुटांत लिहा: मागचा पडदा 24 फूट रुंद, 10 फूट उंच, लग्नविधीचा मांडव 10 बाय 10, चार खांब, प्रवेशद्वाराची कमान एक, पॅसेजमध्ये फुलांचे सहा स्टँड. सोफा, समया, दिवे, स्टेजवरचा गालिचा यांतलं काय तो आणणार आणि काय हॉलचं, तेही लिहा.

फुलांचं नाव घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. "फ्रेश फ्लॉवर्स" म्हणजे झेंडूही असतो आणि ऑर्किडही, पण दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मागच्या पडद्यावर खरी फुलं किती भागात आणि आर्टिफिशियल किती भागात हे ठरवून घ्या. वरच्या भागात आर्टिफिशियल हिरवळ आणि माणसांच्या डोळ्यांसमोर येणाऱ्या भागात खरी फुलं हा सर्रास चालणारा मार्ग आहे. त्यात वावगं काही नाही, फक्त ते आधी कळायला हवं आणि दरात दिसायला हवं.

केटररच्या बाबतीत पदार्थांच्या नावांबरोबर तीन गोष्टी हव्यात: किमान ताटं किती, अंतिम आकडा कधीपर्यंत कळवायचा, आणि लग्नाच्या दिवशी ताटं मोजायची कशी. ताटं मोजून मांडली आणि शेवटी उरलेली वजा केली, की खपलेली ताटं कळतात. सुरुवातीला आणि शेवटी मोजताना तुमच्या घरचं एक माणूस तिथे असेल, हे करारातच लिहा.

किमान आकड्याकडे मी जास्त लक्ष द्यायला सांगेन. पाहुणे कमी होणं म्हणजे काम थोडंसं रद्द होणंच. 300 ताटांची हमी दिली आणि 240 जण जेवले, तर 60 ताटांचे 54,000 रुपये न खाल्लेल्या जेवणाचे जातात. म्हणून हमी 250 ची द्या, अंदाज 300 चा सांगा आणि अंतिम आकडा चार दिवस आधी कळवण्याची मुभा घ्या. वर 10 टक्के ताटं त्याच दरात वाढवता येतील हेही लिहा, नाहीतर वाढीव ताटाला वेगळा दर लागतो.

हप्ते असे पाडा की शेवटी काहीतरी हातात राहील

पन्नास टक्के ॲडव्हान्स मागतात म्हणून पन्नास टक्केच द्यायला हवेत असं नाही. जुलैमध्ये डिसेंबरच्या लग्नासाठी केटररने काहीच विकत घेतलेलं नसतं. त्याने फक्त तारीख राखलेली असते. त्या राखण्याची किंमत 20 टक्के पुरेशी आहे असं माझं मत आहे. डेकोरेटर लग्नाच्या मोसमात थोडे जास्त मागतो, तिथे 25 पर्यंत जायला हरकत नाही.

आपल्या केटररसाठी हप्ते असे पाडता येतील: बुकिंगला 20 टक्के म्हणजे 54,000, पंधरा दिवस आधी 30 टक्के म्हणजे 81,000, लग्नाच्या दिवशी सामान आणि माणसं हॉलवर पोहोचल्यावर 40 टक्के म्हणजे 1,08,000, आणि उरलेले 10 टक्के, म्हणजे 27,000, कार्यानंतर तीन दिवसांत हिशोब करून. वर लागणारा कर त्या त्या हप्त्याबरोबर.

या शेवटच्या 27,000 साठी घासाघीस करावी लागते. केटरर म्हणतील, "ताई, जेवण संपायच्या आत पूर्ण पैसे, आमचा नियमच आहे." तेव्हा त्यांना सांगा की दरात आम्ही काही कमी मागत नाही, पण बदल किंवा कमी निघालं तर ती रक्कम यातूनच वळती होईल. दहा टक्के जमत नसतील तर पाचवर या, शून्यावर येऊ नका. पुढे लिहिलेल्या वजावटीच्या सगळ्या अटी या राखून ठेवलेल्या पैशांच्या जोरावरच चालतात. एकदा पूर्ण पैसे गेले की वजावट ही मागणी होते, आणि मागणीमागे धावावं लागतं.

रद्द झालं तर: टक्के कशाचे, दिवस कुठून मोजायचे

पावतीपुस्तकाची पावती हातात आली की ती उलटी करून बघा. खालच्या कडेला किंवा मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते: "कोणत्याही कारणास्तव ॲडव्हान्स परत मिळणार नाही." कुणी वाचत नाही, वाचली तरी "ते छापीलच असतं हो" म्हणून सोडून देतात. ती ओळ पेनाने खोडून दोघांच्या सह्या घ्या आणि तिच्या जागी टप्पे लिहा.

टप्पे असे असू शकतात. कार्याच्या 60 दिवसांहून आधी रद्द केलं तर केटरर 10,000 रुपये ठेवेल. 60 ते 30 दिवसांत रद्द केलं तर एकूण रकमेच्या 10 टक्के, म्हणजे 27,000. 30 ते 7 दिवसांत 25 टक्के, म्हणजे 67,500. शेवटच्या 7 दिवसांत, घेतलेल्या मालाची बिलं दाखवून झालेला प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त एकूण रकमेच्या 50 टक्के.

यात "एकूण रकमेच्या" हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. कोटेशनमध्ये नुसतं "25 टक्के कपात" असं असतं. ते ॲडव्हान्सचे धरले तर 54,000 चे 13,500 होतात. एकूण रकमेचे धरले तर 67,500. शिवाय दुसरा हप्ता भरायच्या आधी, म्हणजे वीस दिवस उरले असताना रद्द केलं, तर तुम्ही भरलेत 54,000 आणि कपात 67,500. म्हणजे लग्न होणार नसताना वर 13,500 रुपये तुमच्याकडेच मागितले जाऊ शकतात. म्हणून एक ओळ जोडा: कपात कोणत्याही टप्प्यावर तोपर्यंत भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही.

दिवस कुठून मोजायचे तेही लिहा. "आम्ही मान्य केल्यापासून" असं असेल तर समोरचा आठ दिवस फोनच उचलणार नाही आणि तुम्ही खालच्या टप्प्यात घसराल. "लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवल्याच्या तारखेपासून" असं हवं. परत द्यायच्या रकमेला मुदत द्या, 15 दिवस, आणि ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात. ॲडव्हान्सवर जीएसटी घेतला असेल तर परत मिळणाऱ्या रकमेवरचा करही परत मिळायला हवा. जीएसटीच्या नियमांत त्यासाठी रिफंड व्हाउचरची सोय आहे, त्यामुळे "कर भरून टाकला, आता परत येत नाही" हे उत्तर पटवून घेऊ नका.

आणि छापील ओळ खोडायची राहूनच गेली तर? तरीही सगळं संपलं असं नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात म्हटलं की नुकसान झालेलंच नसताना अनामत जप्त करता येत नाही. पाच महिने आधी रद्द झालेल्या तारखेवर केटररने दुसरं लग्न घेतलं असेल तर त्याचं नुकसान काय झालं, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. पण हा युक्तिवाद ग्राहक आयोगापुढे किंवा कोर्टात करायचा असतो. कागदावर टप्पे असतील तर तो करायची वेळच सहसा येत नाही.

तारीख पुढे जाणं हे रद्द करणं नव्हे

आपल्याकडे ठरलेलं कार्य अडतं त्याचं एक नेहमीचं कारण सुतक. घरात वडीलधारं माणूस जातं आणि पंधरा दिवसांवर आलेलं लग्न पुढे न्यावं लागतं. अशा वेळी कपातीवर वाद घालायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं, म्हणून ही अट शांतपणे आधी लिहून ठेवा. मजकूर असा करता येईल:

> "कार्याच्या 10 दिवस आधीपर्यंत कळवल्यास तारीख एकदा विनाशुल्क बदलता येईल. नवी तारीख सहा महिन्यांच्या आत आणि सेवा देणाऱ्याला मोकळी असलेली असेल. दर हेच राहतील. वधू-वरांचे आई-वडील, आजी-आजोबा, सख्खी भावंडं किंवा सख्खे काका-मामा यांच्यापैकी कुणाचं निधन झाल्यास 10 दिवसांची अट लागू नाही. तोवर खरेदी केलेल्या नाशवंत मालाचा खर्च बिलं दाखवून वजा केला जाईल."

यातला "दर हेच राहतील" हा तुकडा गाळला जातो आणि मग नव्या तारखेला ताटाचा दर हजारावर गेलेला असतो. "मोकळी असलेली" हा तुकडा केटररच्या बाजूने आहे आणि तो रास्त आहे. नव्या तारखेला त्याच्याकडे दुसरं लग्न असेल तर तो तरी काय करणार? पण त्या सहा महिन्यांत तुम्ही सुचवलेली एकही तारीख त्याला जमली नाही, तर ॲडव्हान्स वरच्या टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्याप्रमाणे परत, असं लिहा. नाहीतर पैसे "क्रेडिट नोट" म्हणून पडून राहतात आणि सहा महिन्यांनी तीही संपते.

मग येते आपत्तीची अट. छापील कोटेशनमध्ये बहुधा पाऊस, संप, वाहतूक कोंडी सगळं एकाच ओळीत घातलेलं असतं आणि शेवटी "आम्ही जबाबदार नाही". मुंबईत पावसाळ्यात पाऊस पडणं ही आपत्ती नाही, आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरची कोंडी तर नाहीच. टेम्पो लवकर काढणं हे त्याचं काम आहे. 26 जुलै 2005 सारखा दिवस मात्र वेगळा. म्हणून अट अशी बांधा: सरकारने किंवा महापालिकेने कार्यक्रमांवर बंदी घातली, किंवा हॉल बंद ठेवावा लागला, तरच ती आपत्ती. अशा वेळी तारीख बदलायची की पैसे परत घ्यायचे हे यजमान ठरवतील, आणि कपात फक्त बिल असलेल्या खर्चाची.

अर्धवट बंदीचाही विचार करा. एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. कार्य होतं, पण 300 ताटांचं होत नाही. सरकारने माणसांची मर्यादा घातल्यास किमान ताटांची हमी आपोआप त्या मर्यादेइतकी कमी होईल, अशी एक ओळ पुरते.

करारात याबद्दल काहीच नसेल आणि काम खरोखर अशक्य झालं, तर करार कायद्याची कलमं 56 आणि 65 तुमच्या मदतीला येतात; घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण करारात त्या प्रसंगासाठी अट लिहिलेली असेल तर आधी ती बघितली जाते. "कोणत्याही कारणास्तव परत नाही" हे शब्द इथे पुन्हा आड येतात.

आता उलटी बाजू. केटररने किंवा डेकोरेटरनेच काम सोडलं तर? एकाच तारखेला दोन-तीन हॉल घेऊन ठेवायचे आणि मोठं काम आलं की लहान सोडायचं, हे मोसमात घडतं. यासाठी लिहा: सेवा देणाऱ्याने रद्द केल्यास पूर्ण ॲडव्हान्स तीन दिवसांत परत, आणि यजमानांना दुसरीकडे जास्त दर द्यावा लागला तर तो फरक, एकूण रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत, तो भरून देईल. ही अट वाचल्यावर समोरचा फार अडखळला तर त्याच तारखेला त्याच्याकडे आणखी किती कामं आहेत ते सरळ विचारा.

अदलाबदल: काय, कधी आणि कुणाला विचारून

छापील करारांत एक ओळ हमखास असते: "उपलब्धतेनुसार समतुल्य वस्तू देण्यात येईल." समतुल्य कोण ठरवणार, हे त्यात नसतं. बदल पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. फुलांचा बाजार रोज बदलतो, दादरच्या फूलबाजारात सणाच्या दिवशी एखादं फूल मिळतच नाही किंवा दुप्पट भावाने मिळतं. बदल होणारच, पण त्याची वाट ठरवून द्या.

पहिलं म्हणजे पर्याय क्रमाने लिहा. पांढरं ऑर्किड मिळालं नाही तर पांढरं कार्नेशन; तेही नाही तर पांढरी शेवंती. खऱ्या फुलाच्या जागी आर्टिफिशियल चालणार नाही. स्वस्त पर्याय आला तर दरातला फरक शेवटच्या हप्त्यातून वजा. महाग आला तर तो फरक डेकोरेटरने सोसायचा.

दुसरं, कळवण्याची वेळ. बदल करायचा असेल तर 48 तास आधी, फोटोसकट, मेसेजवर. उत्तर आलं नाही म्हणजे होकार असं धरायचं नाही.

तिसरं, होकार कुणाचा. लग्नघरात या मुद्द्यावर फार वाद होतात. डेकोरेटर म्हणतो, "आम्ही काकांना विचारलं होतं." कुठल्या काकांना, तर मांडवात उभे असलेल्या कुणालातरी. करारात दोन नावं आणि दोन मोबाइल नंबर लिहा, आणि त्या नंबरवरून मेसेज आला तरच होकार. वधूचे आई-वडील त्या दिवशी विधींमध्ये असतात, म्हणून एखादी मावशी किंवा मोठा चुलतभाऊ यांचं नाव द्या, ज्यांच्या हातात फोन असेल.

केटररच्या बाबतीत मी सगळा मेन्यू बांधून ठेवायला सांगणार नाही. मटार-बटाट्याऐवजी फ्लॉवर-बटाटा आला तर कुणाचं काही बिघडत नाही. तीन-चार पदार्थ निवडा जे बदलायचेच नाहीत, आणि प्रत्येकापुढे ताटामागे वजावट लिहा. आपल्या लग्नात सीताफळ बासुंदी ठरली आहे असं समजा. डिसेंबरात सीताफळाचा हंगाम सरत आलेला असतो, गर महाग मिळतो, आणि साध्या बासुंदीत इसेन्स घालून पाठवण्याचा मोह होतो. ओळखणं सोपं आहे: खऱ्या सीताफळाचा गर चमच्यात कणीदार लागतो, मध्येच एखादा धागा येतो, इसेन्सची बासुंदी गुळगुळीत असते आणि वास चवीच्या आधी येतो. करारात "सीताफळाच्या गराची बासुंदी, बदलल्यास ताटामागे 40 रुपये वजा" असं लिहिलेलं असेल तर 300 ताटांचे 12,000 रुपये होतात. राखून ठेवलेल्या 27,000 तून ते सरळ वळते करता येतात.

असंच पनीरचं: "दुधाचं पनीर, ॲनालॉग नाही"; ॲनालॉग म्हणजे वनस्पती तेल घालून केलेलं, पनीरसारखं दिसणारं. तुपाचं: साजूक की वनस्पती. मे महिन्यातलं लग्न असेल तर आमरस ताज्या हापूसचा की डब्यातल्या पल्पचा. मासे ठेवणार असाल आणि कार्य जून-जुलैमध्ये असेल तर लक्षात ठेवा की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. सुरमईच्या जागी बासा येण्याचा संभव तेव्हा सगळ्यात जास्त. उपवासाची, जैन आणि लहान मुलांची ताटं वेगळी असतील तर त्यांचा आकडा आणि पदार्थ वेगळे लिहा, कारण त्यांत गफलत झाली तर ती पैशांनी भरून निघत नाही.

माणसांचीही अदलाबदल होते. ज्या केटररच्या हातची चव बघून तुम्ही होकार दिलात, तो काम दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. "काम पूर्ण किंवा अंशतः दुसऱ्या कंत्राटदाराला देणार नाही, दिल्यास आधी लेखी संमती घेईन, आणि जबाबदारी माझीच राहील" एवढं लिहा. वाढप्यांची किमान संख्याही घाला. 300 माणसांच्या पंगतीला दहा वाढपी आले तर मसालेभात पानात पडतो तेव्हा मठ्ठा कधीच संपलेला असतो.

त्या दिवशी बघायचं कधी

बदल पकडण्याची वेळ मुहूर्ताची नसते. आपल्या उदाहरणात हॉल 3 वाजता मिळतो. फुलांचे क्रेट साडेतीन-चारला उतरतात. तेव्हा एकाने जाऊन फुलं बघावीत, पडद्याची चौकट टेपने मोजावी आणि फोटो काढावेत. पाच वाजेपर्यंत काही सुधारता येतं, सात वाजता येत नाही. स्वयंपाकघरात साडेपाचला एक फेरी मारून ठरलेले पदार्थ चाखा. काही वेगळं दिसलं तर तिथे भांडू नका; करारातल्या तुमच्या नंबरवरून केटररला किंवा डेकोरेटरला "ठरलेलं हे, आलेलं हे" असा मेसेज आणि फोटो टाका. हिशोबाच्या दिवशी तो मेसेजच बोलतो.

सही, पावती आणि बिनसलंच तर

करार दोन प्रतींत करा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. मेन्यू आणि डेकोरेशनची यादी सोबत जोडून त्यांवरही सह्या घ्या. मोठी रक्कम असेल तर स्टॅम्प पेपर घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा साध्या करारांना 100 ऐवजी 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो. समोरचा करारावर सही करायलाच तयार नसेल, तर सगळ्या अटी एका मेसेजमध्ये पाठवा, "या अटींवर ॲडव्हान्स देत आहोत, मान्य असल्यास कळवा" असं लिहा, आणि "मान्य" आल्यावरच पैसे टाका. तो मेसेज पुसू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. पैसे खात्यातून किंवा यूपीआयने द्या, आणि शेऱ्यात कार्याची तारीख लिहा. रोख द्यावीच लागली तर पावतीशिवाय नाही.

पैसे अडकलेच तर आधी लेखी मागणी करा: करारातली अट, भरलेली रक्कम, परत हवी असलेली रक्कम आणि 15 दिवसांची मुदत. मेसेजबरोबर स्पीड पोस्टानेही पाठवा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळदा फर्मला तिथून विचारणा गेल्यावर बोलणं सुरू होतं. तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. घरच्या लग्नासाठी घेतलेली सेवा असल्याने तुम्ही ग्राहक ठरता. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, डेकोरेटरचं ऑफिस भिवंडीत असलं तरी. मुदत दोन वर्षांची आहे. सोबत करार, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, त्या संध्याकाळचे फोटो आणि मेसेज तारखेच्या क्रमाने लावा.